मुलगा टोरंटोत, फ्लॅट कोथरूडला, कर कापायचा किती?

*प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांपासून टोरंटोला आहे. कोथरूडचा टू बीएचके फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. २००९ साली ३४ लाखांना घेतला, स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रेशनचे २ लाख वेगळे. आता १ कोटी २० लाखांना सौदा ठरलाय. मुलाचं मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे, त्यामुळे सही मीच करणार. घेणारं तरुण जोडपं आहे, ९० लाखांचं कर्ज काढणार आहेत. ऑक्टोबरात २ लाखांचा टोकन चेक दिला, तो मी माझ्या खात्यात भरला. एजंट म्हणतो, १ टक्का टीडीएस कापतात, काही काळजी नको. घेणाऱ्यांचा सीए म्हणतो, १७ लाख ९४ हजार कापावे लागतील. एवढा फरक कसा? आणि १८ लाख सरकारकडे अडकणार असतील तर फ्लॅट विकावा की नाही, असं आता वाटायला लागलंय. — एक वाचक, कोथरूड*

काका, एजंट चुकतोय आणि सीए बरोबर सांगतोय. पण सीएने सांगितलेला आकडा हा मुलाचा खरा कर नाही. प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नाही तर घेणाऱ्याला कापावी लागणारी ती रक्कम आहे.

आधी १ टक्क्याचं बघू. विकणारा निवासी असेल आणि व्यवहार ५० लाखांचा किंवा त्यावरचा असेल, तर कलम १९४-आयएखाली १ टक्का कापायचा आणि २६क्यूबी फॉर्मने भरायचा. एजंटांची जवळजवळ सगळी गिऱ्हाइकं निवासी असतात, म्हणून तेच त्यांच्या तोंडी बसलंय. विकणारा अनिवासी असला की कलम १९५ लागतं. तिथे ५० लाखांची मर्यादा नाही, १ टक्क्याची सवलत नाही आणि २६क्यूबीही चालत नाही. करारावर सही तुम्ही करणार आणि तुम्ही पुण्यात राहता, म्हणून व्यवहार निवासी होत नाही. मुखत्यारपत्राने सहीचा हात बदलतो, मालक बदलत नाही. उद्या या जोडप्याने भाबडेपणाने १ टक्का म्हणजे १ लाख २० हजार कापून भरले, तर न कापलेली रक्कम प्राप्तिकर खातं त्यांच्याकडूनच व्याजासकट मागू शकतं. त्यांच्या सीएने आत्ताच हरकत घेतली हे तुमच्याही फायद्याचं झालं, कारण असा तगादा आला की घेणारा पहिला फोन विकणाऱ्यालाच करतो.

आता १७ लाख ९४ हजार कुठून आले ते सांगते. फ्लॅट दोन वर्षांपेक्षा जास्त काळ हातात असल्यामुळे नफा दीर्घ मुदतीचा, आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर दर साडेबारा टक्के. देय रक्कम १ कोटीच्या वर आहे म्हणून त्यावर १५ टक्के अधिभार आणि या सगळ्यावर ४ टक्के उपकर. तिन्ही मिळून १४.९५ टक्के. मेख अशी की हे १४.९५ टक्के नफ्यावर नाही, पूर्ण १ कोटी २० लाखांवर लावले जातात. कायद्याचं म्हणणं 'करपात्र रकमेवर कापा' असंच आहे, पण तुमचा नफा किती हे घेणाऱ्याने कसं ठरवायचं? २००९ची कागदपत्रं त्याच्याकडे नाहीत. नफा कमी धरला आणि पुढे चूक निघाली तर मार त्याला. म्हणून तो पूर्ण किमतीवर कापून मोकळा होतो. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

मुलाचा खरा कर मांडून बघू. विक्री १ कोटी २० लाख. त्यातून खरेदी आणि स्टँप ड्युटीचे ३६ लाख वजा. एजंटाला १ टक्का दलाली देणार असाल तर ते १ लाख २० हजारही वजा. नफा राहिला ८२ लाख ८० हजार. त्यावर साडेबारा टक्के म्हणजे १० लाख ३५ हजार. मुलाचं भारतातलं एकूण उत्पन्न ५० लाख ते १ कोटीच्या दरम्यान येतं, त्यामुळे अधिभार १५ नाही, १० टक्के. वर उपकर. एकूण कर ११ लाख ८४ हजार ४० रुपये. सीएच्या आकड्यापेक्षा ६ लाख १० हजारांनी कमी.

इथे सोसायटीतलं कोणीतरी तुम्हाला इंडेक्सेशनबद्दल सांगेल. 'आमच्या वेळी महागाई धरून किंमत वाढवून दिली होती, २० टक्के कर भरला' वगैरे. जुन्या मालमत्तेसाठी तो पर्याय ठेवलाय खरा, पण फक्त निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांसाठी. मुलाला तो नाही. तसंच, दुसरं काही उत्पन्न नसेल तर निवासी माणसाला करमुक्त मर्यादा या नफ्यातून वळती करता येते, तीही अनिवासीला मिळत नाही. नफ्याच्या पहिल्या रुपयापासून साडेबारा टक्के.

प्रमाणपत्र न आणता सौदा केला तर जास्तीचे ६ लाख १० हजार बुडत नाहीत. पुढच्या वर्षी विवरणपत्र भरायचं, परतावा मागायचा, वर महिन्याला अर्धा टक्का साधं व्याजही मिळतं. पण ते व्याज पैसे कापले त्या दिवसापासून नाही, पुढच्या १ एप्रिलपासून मोजतात. परतावा मुलाच्या पडताळलेल्या बँक खात्यातच येतो, आणि रक्कम मोठी असली की तपासणीचा एखादा प्रश्न आल्याशिवाय सहसा सुटत नाही. ज्यांना पैशाची घाई नाही ते हा मार्ग धरतात. बाकीच्यांसाठी कलम १९७चं कमी कपातीचं प्रमाणपत्र. मुलाने अर्ज करायचा, अधिकाऱ्याने हिशेब तपासायचा आणि घेणाऱ्याच्या नावाने लिहून द्यायचं की या व्यवहारात इतकाच टक्का कापा. तुमच्या बाबतीत तो पावणेदहा-दहा टक्क्यांच्या आसपास यायला हवा. मग घेणारा कमी कापतो आणि तरी सुरक्षित राहतो, कारण त्याच्या हातात खात्याचाच कागद असतो. काही जण सीएकडून नफ्याचा दाखला घेऊन त्यावर कपात करायला सांगतात. तो सीएचा कागद असतो, अधिकाऱ्याचा नाही, आणि कर्ज देणारी बँक व घेणाऱ्याचा सीए तो बाजूला सारतात. त्यात वेळ घालवू नका.

अर्ज फॉर्म १३चा, खात्याच्या ट्रेसेस या टीडीएस पोर्टलवर ऑनलाइन. भरायला तो अवघड नाही, गाडी अडते ती त्याच्या आधी. मुलाचा पॅन कोणत्या अधिकाऱ्याकडे नोंदलेला आहे ते प्राप्तिकर पोर्टलवर 'नो युअर एओ'मध्ये आज रात्रीच बघा. पॅन त्याने नोकरीला लागल्यावर पुण्यात काढला असणार, आणि तो अजून पुण्याच्या साध्या वॉर्डातच पडून असेल. अनिवासींचे अर्ज 'आंतरराष्ट्रीय करआकारणी' विभागाकडे जातात. पॅन चुकीच्या वॉर्डात असेल तर अर्ज त्या वॉर्डात जाऊन पडतो, तिथला अधिकारी म्हणतो 'हे माझ्याकडे नाही', आणि पॅन हलवण्याच्या पत्रव्यवहारात आठवडे जातात. माझ्याकडच्या एका ताईंचे यातच दोन महिने गेले, घेणारा कंटाळून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेऊन मोकळा झाला. तेव्हा पोर्टलवर मुलाचा दर्जा अनिवासी करून घ्या, पॅन हलवण्याची विनंती आधी टाका, आणि त्याच्या प्रोफाइलला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना ते बघा. अकरा वर्षांपूर्वीचं सिम कधीच बंद झालेलं असतं आणि ओटीपी हवेत जातो.

अर्जासोबत २००९चा खरेदी करार आणि त्याची सूची-२, स्टँप ड्युटीच्या पावत्या, आता होणाऱ्या कराराचा मसुदा, नफ्याचा हिशेब, मुलाच्या पासपोर्टची पानं आणि घेणाऱ्याचा पॅन व टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, लागेल. ३४ लाख खरोखर दिले गेले याचा पुरावाही हवा, आणि बहुतेकांची दमछाक तिथेच होते. २००९चं पासबुक फाटलेलं असतं किंवा बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. त्या वेळी कर्ज काढलं असेल तर कर्जाचं जुनं स्टेटमेंट सगळ्यात उपयोगी. बँकेला अर्ज करा, देतात. फ्लॅट घेतल्यावर किचन ट्रॉली, ग्रिल, फर्निचर यांवर रोख उधळलेले पैसे हिशेबात घालायचा मोह आवरा. बिल आणि चेक नसेल तर अधिकारी त्याकडे बघत नाही, आणि एक फुगवलेला आकडा दिसला की बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने बघतो. गृहकर्जाच्या ज्या व्याजावर सूट घेतलीय, ते व्याजही खरेदीखर्चात धरता येत नाही.

फॉर्ममध्ये मागच्या काही वर्षांचं उत्पन्न आणि विवरणपत्रं विचारतात. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण फ्लॅट अकरा वर्षं रिकामा तर नसणार. समजा महिन्याला २२ हजार भाडं आलं. वर्षाचे २ लाख ६४ हजार होतात, त्यातून ३० टक्के वजा केले की १ लाख ८४ हजार ८०० उरतात. मुलाचं भारतात दुसरं काही उत्पन्न नसेल तर हे करमुक्त मर्यादेच्या आत आहे, त्यामुळे विवरणपत्र भरलं नाही म्हणून गुन्हा झाला नाही. पण न विचारता स्वतःच एका परिच्छेदात हे लिहून द्या. अधिकाऱ्याला अकरा वर्षांत एकही विवरणपत्र दिसलं नाही आणि त्याबद्दल चकार शब्दही दिसला नाही, तर पहिला प्रश्न तोच येणार. भाडं तुमच्या खात्यात येत असेल तर तेही लपवू नका. फ्लॅट त्याचा, म्हणजे भाडं त्याचं.

मुलाने नफ्यातले ५० लाख कलम ५४-ईसीच्या रोख्यांत, म्हणजे आरईसीसारख्या कंपनीच्या पाच वर्षांच्या बॉन्डमध्ये, विक्रीनंतर सहा महिन्यांच्या आत घातले, तर करपात्र नफा ३२ लाख ८० हजारांवर येतो. ५० लाखांच्या खाली आल्यामुळे अधिभारही जातो आणि कर राहतो ४ लाख २६ हजार ४००. म्हणजे १ कोटी २० लाखांवर जेमतेम साडेतीन टक्के. याच आधारावर प्रमाणपत्र मागता येतं का? मागता येतं, मिळेलच असं नाही. गुंतवणूक अजून झालेली नसते. काही अधिकारी मुलाचं प्रतिज्ञापत्र घेऊन ती धरतात, काही म्हणतात 'आधी गुंतवा, मग विवरणपत्रात परतावा मागा'. माझा सल्ला असा की मुलाचा निर्णय पक्का असेल तरच अर्जात लिहा. कमी कपात करून घेतली आणि बॉन्ड घेतलेच नाहीत, तर तो कर नंतर व्याजासकट भरावा लागेल. आणि पाच वर्षं ते पैसे काढता येत नाहीत, हे टोरंटोत घराचे हप्ते भरणाऱ्या मुलाला आधी विचारा.

तारखांचं गणित सांगते, कारण आज नोव्हेंबर २०२५चा मध्य आहे. पूर्ण अर्ज ज्या महिन्यात आला, तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत निकाल द्यावा अशी खात्याची स्वतःची मुदत आहे. नोव्हेंबर संपायच्या आत अर्ज गेला आणि प्रश्नांची उत्तरं दोन दिवसांत दिलीत, तर डिसेंबरअखेर कागद हातात यायला हवा. प्रमाणपत्र आलं की ते पुढच्या देण्यांना लागू. मागच्या तारखेने लागू होत नाही. आणि ते चालतं ३१ मार्च २०२६ पर्यंतच. बँकेचं कर्जवाटप लांबून एप्रिलमध्ये गेलं तर नवा अर्ज, आणि १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू होतोय, कलमांचे क्रमांक बदलतील. तेव्हा करार जानेवारीत करा आणि सगळे पैसे मार्चच्या मध्यापर्यंत हातात येतील असं बघा.

टोकनचे २ लाख मात्र आधीच येऊन गेले. त्यांच्यावरही कपात व्हायला हवी होती, १४.९५ टक्क्यांनी २९ हजार ९०० रुपये. प्रमाणपत्र त्या पैशांना लागू होणार नाही. घेणाऱ्याने ही रक्कम पुढच्या हप्त्यातून वळती करून लगेच भरावी, उशिराचं थोडं व्याज पडेल. ते व्याज कोणी सोसायचं यावर भांडू नका, रक्कम किरकोळ आहे. आणि ते २ लाख तुमच्या खात्यातून मुलाच्या एनआरओ खात्यात वळवा, आजच. इथून पुढचा प्रत्येक रुपया त्याच खात्यात गेला पाहिजे, तुमच्या नाही. तिथून कॅनडाला पाठवायचे असतील तर बँक १५सीए आणि १५सीबी हे फॉर्म मागेल, ते नंतरचं काम. कॅनडातही त्याला हा नफा दाखवावा लागेल, आणि इथे भरलेल्या कराची वजावट तिथे मिळवायची असेल तर चलन आणि १६ए हा कर कापल्याचा दाखला जपून ठेवायला सांगा.

घेणाऱ्या जोडप्याच्या डोक्यावरचं ओझंही थोडं समजून घ्या. अनिवासीकडून घ्यायचं म्हणजे त्यांना टॅन काढावा लागतो, आणि तो तुमच्या अर्जात लिहायचा असल्यामुळे अर्जाच्या आधी लागतो. फी शंभराच्या आत आहे, पण 'आम्ही काय कंपनी आहोत का' म्हणून लोक बिचकतात. नवरा-बायको दोघांच्या नावाने घेणार असतील तर दोघांचेही टॅन लागतील. दुसरं, बँक तिचे ९० लाख थेट मुलाच्या खात्यात टाकणार, म्हणजे कराची रक्कम जोडप्याच्या स्वतःच्या ३० लाखांतून जायला हवी. १७ लाख ९४ हजार आणि ११ लाख ८४ हजार यांतला फरक त्यांनाही जाणवतो, म्हणून प्रमाणपत्र येईपर्यंत थांबायला ते सहसा तयार होतात. तसं टोकनच्या पावतीवर एका ओळीत लिहून घ्या : करार प्रमाणपत्र आल्यावर.

प्रमाणपत्र आलं की चार गोष्टी डोळ्यांत तेल घालून वाचा : घेणाऱ्याचं नाव आणि टॅन, कलम, दर आणि रक्कम. रकमेला मर्यादा असते. तिथे १ कोटी १८ लाख लिहिलंय आणि पार्किंगपोटी नंतर ३ लाख जास्त ठरले, तर त्या ३ लाखांवर पुन्हा पूर्ण दराने कपात.

पैसे कापले की घेणाऱ्याने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरायचे (मार्चमध्ये कापलेले ३० एप्रिलपर्यंत), आणि तिमाहीचं २७क्यू विवरण भरायचं. जानेवारी ते मार्चचं विवरण ३१ मेपर्यंत. त्या विवरणात प्रमाणपत्राचा क्रमांक टाकायचा असतो. एका व्यवहारात घेणाऱ्याच्या माणसाने तो रकाना रिकामा सोडला. कर बरोबर कापलेला, बरोबर भरलेला, तरी प्रणालीने 'कमी कपात' म्हणून काही लाखांची मागणी काढली आणि दुरुस्ती विवरण भरेपर्यंत दोन्ही घरांची झोप उडाली. म्हणून २७क्यू भरायच्या आधी घेणाऱ्याच्या सीएला फोन करा, क्रमांक वाचून दाखवा आणि तो परत वाचून घ्या. सोळा-ए हातात आला आणि मुलाच्या २६एएसमध्ये, म्हणजे त्याच्या पॅनवर जमा कराच्या उताऱ्यात, रक्कम दिसली, की मग चाव्यांचा दुसरा जुडगा द्यायला हरकत नाही.